‘माणूस चांगला आहे’ याच्या पुढे काय विचारायचं?

प्रश्न: मी एका वितरण कंपनीत कामकाज सांभाळते. गोडाउनच्या प्रमुखपदासाठी एक उमेदवार आम्हाला पसंत पडलाय. त्याने दोन रेफरन्स दिलेत: आधीच्या कंपनीतला त्याचा मॅनेजर आणि तिथल्याच विक्री विभागातला एक सहकारी. आजवर मी असे फोन केले तेव्हा ‘माणूस चांगला आहे, बिनधास्त घ्या’ एवढंच कानावर आलं, आणि एचआरला विचारलं तर फक्त तारखा मिळाल्या. फोनवर नेमकं विचारायचं काय? समोरचा काही उणं बोललाच, तर ते किती मनावर घ्यायचं? आणि उमेदवाराच्या सध्याच्या कंपनीत माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे हळूच चौकशी करू का?

उत्तर: मैत्रिणीला विचारू नका. उमेदवार अजून तिथे नोकरीत आहे आणि त्याने राजीनामा दिलेला नाही. मैत्रीण कितीही विश्वासातली असली तरी तो दुसरीकडे बघतोय ही बातमी तिला तुमच्याकडून कळणार, आणि ती तिच्यापाशीच थांबेल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही. उद्या तुमची ऑफर निघालीच नाही, तर तुमचं काहीच बिघडणार नाही, त्याची बढती मात्र अडकेल. सध्याच्या कंपनीकडून पडताळणी हवीच असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि राजीनामा मंजूर झाल्यावर फोन करा. तेव्हाही फक्त पद आणि तारखा विचारा. राजीनामा देऊन बसलेल्या माणसाची ऑफर कोणाच्या तरी मतावरून मागे घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मतं काय ती त्याने राजीनामा देण्याआधीच ऐकून घ्यायची, आणि त्यासाठी आधीची कंपनी आहेच.

एचआरच्या तुटक उत्तराचा राग मानू नका, आणि त्यातून काही अर्थही काढू नका. अनेक कंपन्यांचा नियमच असतो की माजी कर्मचाऱ्याबद्दल पद आणि तारखांपलीकडे बोलायचं नाही. उद्या कोणी बदनामीचा दावा लावेल, ही त्यामागची धास्ती. म्हणजे ते गप्प राहिले ते उमेदवारामुळे नव्हे, स्वतःच्या नियमामुळे. तरीही एचआरला फोन कराच, आणि मॅनेजरच्या आधी करा. बायोडेटावर ‘गोडाउन सुपरवायझर’ आणि कंपनीच्या नोंदीत ‘स्टोअर असिस्टंट’ असा फरक निघाला, तर तो मॅनेजरशी बोलण्याआधी तुमच्या हातात असलेला बरा.

मॅनेजरचा नंबर उमेदवाराने दिला असेल, पण तो पडताळून घ्या. कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन करून या नावाचे गृहस्थ तिथे आहेत का, कोणत्या पदावर आहेत, एवढं विचारलं की काम झालं. त्यांनी मधल्या काळात कंपनी सोडली असेल तर त्या वेळी ते तिथे त्या पदावर होते का, हे विचारा. हा संशयीपणा वाटेल, पण मॅनेजर म्हणून मित्राचा नंबर देण्याचे प्रकार घडतात, आणि ते फोनच्या पहिल्या काही मिनिटांत ओळखता येतात, ते कसे ते पुढे येईलच.

आता तयारी. तुमचे फोन ‘माणूस चांगला आहे’वर संपतात याचं मुख्य कारण माझ्या मते असं की फोन लावताना आपल्याला काय हवंय हे तुमच्याकडे लिहिलेलं नसतं. मुलाखतीच्या नोंदी काढा आणि ज्यांच्यावर तुमचा निर्णय उभा आहे अशा तीनच गोष्टी निवडा. दहा नकोत, पंचवीस मिनिटांच्या फोनमध्ये दहा गोष्टींना फक्त हो-नाही मिळतं. गोडाउन प्रमुखाच्या बाबतीत मी या तीन घेतल्या असत्या. एक, साठ्याच्या हिशोबाबद्दल त्याने मुलाखतीत केलेला दावा. दोन, हाताखालच्या लोकांशी तो कसा वागतो. तीन, माल वेळेत निघणार नसेल तर तो कधी सांगतो, आदल्या दिवशी की ग्राहकाचा फोन आल्यावर. तुमच्या कंपनीत या जागेवर आधी जे बिघडलं असेल ते यात नक्की हवं.

फोनच्या आधी उमेदवारालाही एक प्रश्न विचारून ठेवा: “मी तुमच्या आधीच्या मॅनेजरशी बोलणार आहे. तुम्ही कुठे कमी पडत होता असं ते सांगतील?” नुसतं ‘तुमच्या उणिवा सांगा’ म्हटलं की ‘मी फार काटेकोर आहे’ असलं पाठ केलेलं उत्तर येतं. पडताळणी होणार हे ठाऊक असलं की माणूस बऱ्यापैकी खरं बोलतो. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, नंतर ते फार उपयोगी पडतं.

फोन अचानक लावू नका. आधी मेसेज करून वेळ ठरवा, वीस-पंचवीस मिनिटं लागतील असं सांगा, आणि उमेदवाराने स्वतः तुमचं नाव दिलंय हेही लिहा. घाईत सापडलेला माणूस दोन वाक्यांत शिफारस करून मोकळा होतो. सुरुवातीला स्वतःची ओळख द्या, तो जे सांगेल ते उमेदवाराला त्याच्या नावाने कळवणार नाही असा शब्द द्या, आणि तो पाळा. कॉल त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करू नका. हाताने लिहून घ्या.

पहिले प्रश्न सोपे आणि कोरडे असू देत: तुम्ही दोघं एकत्र कधीपासून कधीपर्यंत होता, तो थेट तुम्हाला रिपोर्ट करत होता का, आठवड्यातून किती वेळा तुमचा त्याच्या कामाशी संबंध यायचा, त्याच्या हाताखाली किती माणसं होती. इथे बायोडेटा वाचून दाखवायचा मोह टाळा. “तो तुमच्याकडे तीन वर्षं सुपरवायझर होता ना, बारा जणांची टीम होती ना?” असं विचारलंत तर “हो हो” हेच येणार. रकाना रिकामा ठेवा, त्याला भरू द्या. खरा मॅनेजर तारखा अंदाजाने सांगतो पण काम बारकाव्यानिशी सांगतो: शिफ्ट किती होत्या, आवक कोण बघायचं, जावक कोण बघायचं. बनावट मॅनेजरचं उलट असतं. त्याला तारखा तोंडपाठ असतात आणि “तुमच्याकडे दिवसाला साधारण किती गाड्या भरायच्या?” इथे तो गडबडतो. शिवाय या प्रश्नांनी एक नाजूक गोष्टही कळते, ती म्हणजे समोरच्याने काम खरंच जवळून पाहिलंय की वरच्या मजल्यावरून. महिन्यातून एकदा अहवाल बघणाऱ्या मॅनेजरचं ‘टीम खूश होती’ हे विधान त्याच भावाने घ्या.

मग तुमच्याकडचं काम काय आहे ते चार वाक्यांत सांगा. हा टप्पा बहुतेक लोक गाळतात. समोरचा माणूस चांगला की वाईट याचं उत्तर देत असतो आणि तुम्हाला हवं असतं या कामाला तो पुरेल का याचं. “आमच्याकडे गोडाउनमध्ये पद्धत अशी काही बसलेलीच नाही, ती त्याला बसवायची आहे. पंधरा माणसं आहेत, त्यांतली काही खूप जुनी आहेत.” एवढं ऐकलं की मॅनेजरच्या डोक्यातलं माप बदलतं आणि उत्तरंही बदलतात.

आता गाभा. विशेषणं मागू नका, प्रसंग मागा. ‘स्वभावाने कसा आहे’ या प्रश्नाला ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’ असंच उत्तर येणार, आणि त्याचं करायचं काय? पेरेस आणि गार्सिया या दोन अमेरिकी संशोधकांनी 1962 साली अभियंत्यांच्या शिफारसपत्रांमधली विशेषणं तपासली होती. त्यांचे त्यांनी पाच गट केले. बुद्धीची चपळाई सांगणाऱ्या शब्दांचा प्रत्यक्ष कामाशी काही संबंध दिसला; सौजन्य आणि गोड स्वभाव सांगणारे शब्द मात्र कामाबद्दल फारसं काही सांगत नव्हते. ज्याच्या कामाबद्दल बोलण्यासारखं काही नसतं त्याच्या स्वभावाचं कौतुक होतं, हा अनुभव कोणत्याही निरोपसमारंभात येतो.

समजा तुमचा उमेदवार मुलाखतीत म्हणाला, “मी आलो तेव्हा साठ्याच्या मोजणीत चार टक्के तफावत होती, मी ती एक टक्क्याच्या आत आणली.” त्यावरचा फोन साधारण असा व्हायला हवा.

“साठ्याच्या मोजणीचं काम त्याच्याकडे कसं होतं, जरा सांगाल?”

“एकदम चोख. तफावत बरीच कमी झाली त्याच्या काळात.”

“आधी किती होती आणि नंतर किती झाली, आठवतं?”

“चार-साडेचार टक्के असेल. तो गेला तेव्हा एकच्या आसपास.”

“ती कमी कशामुळे झाली?”

“आम्ही रोज थोड्या थोड्या मालाची मोजणी सुरू केली. आधी वर्षातून एकदाच व्हायची.”

“ही पद्धत आणली कोणी?”

“ती... ती तशी माझ्या आधीच्या मॅनेजरने आणली होती, पण कोणी पाळत नव्हतं. याने ती रोज पाळली. एक दिवस चुकवला नाही. मोजणी जुळली नाही तर तो संध्याकाळी थांबायचा.”

इथे बघा काय हाती लागलं. आकडे जुळले, म्हणजे दावा खोटा नाही. पण ‘मी आणली’मधला ‘मी’ जरा रुंद होता. पद्धत दुसऱ्याने आखली, याने ती शिस्तीने चालवली. हा दोष नाही, उलट बऱ्याच गोडाउनना असाच माणूस हवा असतो. पण तुम्हाला पद्धत नव्याने बसवायची आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हा फरक मोठा. मग पुढचा प्रश्न: “त्याने स्वतः होऊन सुरू केलेलं, तुम्ही न सांगता, असं काही आठवतं का?” आणि मग गप्प बसा. खरोखर गप्प. फोनवर चार-पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि आपण ती भरायला धावतो: “म्हणजे लहानसं काही असलं तरी चालेल...” नका भरू. आठवायला वेळ लागतो. आणि आठवून काही आलं नाही, तर तेही तुमच्यासाठी उत्तर आहे.

उणिवांबद्दल थेट विचारलं की लोक बचावात्मक होतात. त्याऐवजी दोन वाटा वापरा. पहिली, अंक मागायचा: “मी सांगितलं तसल्या कामासाठी त्याला दहापैकी किती द्याल?” समजा सात आले. मग “आठ का नाही?” असं विचारा. सातचा अर्थ दर माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे त्या अंकाला काडीची किंमत नाही. तो फक्त पुढच्या प्रश्नासाठी टाकलेला गळ आहे. दुसरी वाट: “तो आमच्याकडे आला तर पहिल्या सहा महिन्यांत मी कुठे लक्ष ठेवू, कशात मदत करू?” हा प्रश्न मॅनेजरला तक्रारीचा वाटत नाही, सल्ल्याचा वाटतो, आणि मॅनेजर लोकांना सल्ला द्यायला आवडतो.

आपल्या उदाहरणातला मॅनेजर इथे म्हणाला, “लोकांवर जरा तापतो.” हे वाक्य लिहून फोन ठेवलात तर तुमच्याकडे एक विशेषणच उरलं, फक्त ते वाईट आहे. त्याचाही प्रसंग करा. शेवटचं कधी पाहिलंत? काय झालं होतं? किती वेळा असं झालं? नंतर त्याने काय केलं? कोणी त्यापायी नोकरी सोडली का? उत्तर असं आलं की महिनाअखेर गाडी तीन तास उशिरा आली, ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर त्याचा आवाज चढला, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोन करून मिटवलं, आणि असं तीन वर्षांत दोनदा घडलं, तर हा माणूस तापट नाही, महिनाअखेर दमलेला आहे. तेच उत्तर असं आलं की तो भरणी करणाऱ्या मुलांना सगळ्यांसमोर बोलायचा आणि त्यांतले दोघं सोडून गेले, तर ‘जरा तापतो’ हे सौम्य शब्दांत सांगितलेलं गंभीर प्रकरण आहे. जुनी माणसं असलेल्या टीमवर तुम्ही त्याला नेमणार आहात हे लक्षात घ्या.

आणि उमेदवाराचं आधी लिहून ठेवलेलं उत्तर आता काढा. तो स्वतः म्हणाला असेल, “महिनाअखेर माझा आवाज चढतो, मॅनेजर ते सांगतील,” तर त्याला स्वतःची जाण आहे. तो म्हणाला असेल, “काही सांगायला त्यांच्याकडे नसेल,” आणि मॅनेजरने मात्र सोडून गेलेल्या दोघांची गोष्ट सांगितली, तर मला त्या तापटपणापेक्षा या विसंगतीची जास्त काळजी वाटेल.

‘पुन्हा घ्याल का?’ हा प्रश्न सगळे विचारतात, विचारा तुम्हीही, पण जरा दुरुस्त करून. काही कंपन्या सोडून गेलेल्याला परत घेतच नाहीत, त्यामुळे ‘नाही’चा अर्थ कंपनीचं धोरण असाही असू शकतो. म्हणून असं विचारा: “कंपनीचा नियम बाजूला ठेवा. उद्या तुमच्याच हाताखाली जागा असती तर तुम्ही त्याला कोणत्या कामावर घेतलं असतं?” उत्तराचा दुसरा भाग महत्त्वाचा. “घेतला असता, पण सुपरवायझर म्हणून, प्रमुख म्हणून नाही,” असं कोणी म्हणालं, तर अख्ख्या फोनमधलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्हाला मिळालं.

आता दुसरा फोन. विक्री विभागातल्या सहकाऱ्याला लोकांशी वागणं किंवा मोजणी विचारून उपयोग नाही, त्याने ते पाहिलेलं नाही. पण तिसरी गोष्ट, म्हणजे उशीर होणार हे तो कधी सांगतो, ती मॅनेजरपेक्षा याला जास्त ठाऊक. ग्राहकाच्या शिव्या त्याने खाल्लेल्या असतात. “एखादी ऑर्डर वेळेत गेली नाही असं शेवटचं कधी झालं? तुम्हाला कधी आणि कोणाकडून कळलं?” समजा तो हसून म्हणाला, “कळायचं मला ग्राहकाकडूनच. तो शेवटपर्यंत ‘होईल, होईल’ म्हणायचा. कष्ट खूप करायचा, पण नाही म्हणायचा नाही.”

ही गंभीर गोष्ट आहे, पण एकाच तोंडची आहे. त्यातही विक्री आणि गोडाउन यांचं जगात कुठेच फारसं पटत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. म्हणून मॅनेजरला पाच मिनिटांसाठी पुन्हा फोन करा. सहकाऱ्याचं नाव किंवा वाक्य काढायचं नाही. कोरा प्रश्न विचारायचा: “माल वेळेत निघणार नाही असं दिसलं की तुम्हाला ते कोणत्या टप्प्यावर कळायचं?” मॅनेजरने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आठवणीतून तेच सांगितलं, “मीच संध्याकाळी जाऊन विचारायचो, तेव्हा कळायचं,” तर आता दोन माणसांनी दोन बाजूंनी एकच गोष्ट पाहिली आहे. मी याला वजन देईन. मॅनेजर म्हणाला की दुपारी चारला रोज त्याचा मेसेज यायचा, तर बहुधा ती माहिती विक्रीपर्यंत पोचतच नव्हती आणि दोष उमेदवाराचा नसेलही.

वजन कसं द्यायचं याचं गणित फार गुंतागुंतीचं नाही. फोन ठेवल्यावर लगेच प्रत्येक नोंदीपुढे लिहा: त्याने हे स्वतः पाहिलं, कोणाकडून ऐकलं, की हा त्याचा अंदाज आहे. पाहिलेल्या प्रसंगांवर निर्णय घ्या. ऐकलेल्या गोष्टी फक्त पुढचा प्रश्न ठरवायला वापरा. अंदाज खोडून टाका, मग तो कौतुकाचा का असेना. त्यानंतर सांगणाऱ्याचा हेतू बघा. चांगला माणूस सोडून गेल्याचा राग असलेला मॅनेजर कडवट बोलतो, पण त्याच्याकडे प्रसंग बहुधा सोडून जाण्याच्या काळातलेच असतात. “त्याआधीच्या वर्षी त्याचं काम कसं होतं?” असं विचारलं की कडवटपणा आणि माहिती वेगळी होते. उमेदवाराने स्वतः निवडलेला माणूस कौतुक करणारच, त्यामुळे कौतुकाची किंमत आपोआप कमी, आणि त्याच माणसाने नाइलाजाने सांगितलेल्या उणिवेची किंमत जास्त. काळही बघा. पाच वर्षांपूर्वीचा तापटपणा आणि दोन वर्षांपूर्वीचा तापटपणा एकाच पारड्यात टाकू नका.

आवाजातला अडखळेपणा, ‘अं...’ करून थांबणं, यांतून अर्थ काढणारे बरेच भेटतात. मी तसं करणार नाही. माणूस थांबला याची कारणं दहा असतात: समोर कोणी बसलंय, एचआरचा नियम आठवला, खरंच आठवत नाहीये. अडखळला तर प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही त्याच जागी अडला तर ती जागा दुसऱ्या रेफरन्सकडे तपासा. एवढाच त्याचा उपयोग.

आणि या सगळ्या फोनला मुळात किती वजन? श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींवरची अनेक दशकांची संशोधनं एकत्र करून मांडली. शून्य म्हणजे पुढच्या कामगिरीशी काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशा मापावर रेफरन्स चेकला 0.26 मिळाले, तर सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीला 0.51. म्हणजे फोन बिनकामाचा नाही, पण तुम्ही नीट घेतलेल्या मुलाखतीला तो एकटा उलटवू शकत नाही. रेफरन्समध्ये काही नकोसं निघालं की लगेच फुली मारू नका, उमेदवाराला पुन्हा बोलवा. कोण काय म्हणालं ते न सांगता विचारा: “ऑर्डर उशिरा जाणार हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही सांगितलं नाही, असा एखादा प्रसंग सांगा.” शक्य असेल तर तुमच्याच गोडाउनमधली एक अडचण त्याच्यापुढे ठेवा आणि पहिल्या तासात तो कोणाला काय कळवेल ते विचारा.

आपल्या उदाहरणातल्या माणसाबद्दल, दोन्ही रेफरन्स ‘उशिरा सांगतो’ यावर जुळले असं धरून, मी काय केलं असतं ते सांगतो. मोजणीतली शिस्त पक्की, ती दोन आकड्यांनी आणि एका प्रसंगाने सिद्ध झाली. नवी पद्धत बसवण्याचा पुरावा मिळाला नाही. वाईट बातमी दडपण्याची सवय दोन साक्षीदारांनी पाहिली. पहिल्या गोष्टीसाठी मी त्याला घेतलं असतं आणि दुसरीसाठी पद्धत आखायचं काम सुरुवातीचे काही महिने स्वतःकडे ठेवलं असतं. तिसरीसाठी रोज दुपारी तीनला अडलेल्या ऑर्डरची यादी पाठवायची, अडलेलं काही नसेल तरी ‘काही नाही’ असं लिहून पाठवायची, हे कामाच्या पहिल्या दिवसापासून ठरवून दिलं असतं. मात्र तुमचे ग्राहक एका चुकलेल्या डिलिव्हरीवर तुटणारे असतील तर याच माहितीवर मी नकार दिला असता. माहिती तीच, पण जागा वेगळी असली की उत्तर वेगळं येतं.

काही प्रश्न मात्र तोंडातून काढायचे नाहीत: लग्न, मुलं, धर्म, जात, आजारपण, कुठल्या संघटनेत होता का. उमेदवाराला समोर बसवून जे विचारणं गैर, ते त्याच्या पाठीमागे दुसऱ्याला विचारणंही गैरच. समोरचा आपणहून असलं काही सांगू लागला, “त्याची आई फार आजारी असते, सुट्ट्या घेतो,” तर “त्याची गरज नाही, कामाबद्दल बोलू” असं म्हणून पुढे जा आणि ते कागदावर उतरवू नका. हजेरीबद्दल खरीच शंका असेल तर तो न कळवता किती वेळा गैरहजर राहिला एवढंच विचारा, कारणात शिरू नका.

फोन संपवताना आणखी एक नाव मागा: “त्याच्या हाताखाली काम केलेलं कोणी आहे का, ज्यांच्याशी मी बोलू शकेन?” नाव मिळालं तर उमेदवाराला सांगून, त्याची हरकत नसेल तरच फोन करा. लोकांशी तो कसा वागतो हे मॅनेजरपेक्षा त्या माणसाला दहापट नीट माहीत असतं, आणि हा तिसरा फोन बाकी दोन्हींपेक्षा उपयोगी ठरण्याची शक्यता बरीच आहे.

राहिली मॅनेजरने फोनच न उचलण्याची शक्यता. दोन मेसेज आणि एक फोन यावर थांबा आणि उमेदवारालाच सांगा की त्यांच्याशी संपर्क होत नाहीये, तुम्ही बोलून बघता का, नाहीतर तुमचं रोजचं काम पाहिलेल्या दुसऱ्या कोणाचं नाव द्या. तो एक-दोन दिवसांत वेळ ठरवून देतो की सबबी सांगत राहतो, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.